पाच फोन, सहा अक्ष: पॅरलल कोऑर्डिनेट्स प्लॉट कसा वाचायचा

शेजारीशेजारी उभ्या पाच-सहा रेषा, प्रत्येकीच्या माथ्यावर एकेक नाव (किंमत, वजन, बॅटरी वगैरे) आणि त्या सगळ्यांना छेदत डावीकडून उजवीकडे वरखाली धावणाऱ्या रंगीत रेघा, दर फोनला एक. पॅरलल कोऑर्डिनेट्स प्लॉट पहिल्यांदा समोर आला की डोळा सर्वांत वरून जाणारी रेघ शोधतो आणि तोच फोन सर्वांत चांगला असं मन ठरवून टाकतं. नेमकं इथेच चुकतं. या आलेखात वर म्हणजे सहसा फक्त ‘या अक्षावरचा मोठा आकडा’. तो आकडा तुमच्या फायद्याचा आहे का, आणि वर-खालीतलं अंतर खरोखर मोठं आहे का, हे रेघ सांगत नाही. ते तुम्हाला अक्षाच्या टोकांवरून वाचावं लागतं.

फोन निवडताना, स्वतःसाठी आणि विचारणाऱ्यांसाठीही, मी हा आलेख नेहमी वापरतो. ज्या क्रमाने मी तो वाचतो तोच क्रम खाली दिला आहे. उदाहरणातले पाच फोन काल्पनिक आहेत, पण त्यांचे आकडे बाजारातल्या फोनांसारखेच ठेवले आहेत.

## सुरुवातीला काय जवळ हवं

- मूळ आकड्यांचा तक्ता. नुसता आलेख पुरत नाही. शंका आली की परत तक्त्याकडे जावं लागतं.
- अक्ष हलवता येतील आणि अक्षावर पट्टा निवडता येईल असा, म्हणजे स्क्रीनवर चालणारा आलेख. छापील चित्रावरून अर्धंच वाचता येतं.
- तुमच्या दोन-तीन अटी, आलेख उघडण्याआधी लिहून ठेवलेल्या. उदाहरणार्थ, ‘२०० ग्रॅमपेक्षा जड नको’. आलेख पाहिल्यावर सुचलेल्या अटी बहुतेक वेळा डोळ्यात भरलेल्या रेघेला सोयीच्या असतात.

आपला तक्ता असा आहे. किंमत कोणत्याही चलनात असू शकते, म्हणून सर्वांत स्वस्त फोनची किंमत १०० धरून बाकीच्या किमती त्या प्रमाणात लिहिल्या आहेत.

| फोन | किंमत | वजन (ग्रॅम) | स्क्रीन (इंच) | बॅटरी (एमएएच) | चार्जिंग (वॉट) | कॅमेरा (मेगापिक्सेल) |
|---|---|---|---|---|---|---|
| अ | १०० | १९० | ६.६ | ५००० | २५ | ५० |
| ब | १३० | २०४ | ६.७ | ५५०० | ८० | ५० |
| क | १६० | १७२ | ६.१ | ४००० | २५ | ५० |
| ड | २२० | २२८ | ६.८ | ५००० | ४५ | २०० |
| इ | १५० | १८६ | ६.४ | ४७०० | ६७ | ६४ |

तक्ता भरताना एक काळजी घ्या. बॅटरीचे दोन आकडे प्रचलित असतात, एक सरासरी क्षमतेचा आणि एक किमान हमीचा. काही कंपन्या दोन्ही छापतात. एका फोनचा पहिला आणि दुसऱ्याचा दुसरा आकडा घेतला तर आलेखावर दिसणारा फरक फोनांमधला नसून छपाईतला असतो. आणि एखादा आकडा मिळालाच नाही तर तिथे शून्य लिहू नका. एका शून्यामुळे तो अक्ष थेट शून्यापर्यंत खाली ओढला जातो आणि उरलेले सगळे फोन माथ्याजवळ एकमेकांना चिकटतात.

## १. रेघांकडे पाहण्याआधी अक्षांची टोकं वाचा

बहुतेक साधनं प्रत्येक अक्ष स्वतंत्रपणे ताणतात. त्या रकान्यातला सर्वांत लहान आकडा तळाला, सर्वांत मोठा माथ्याला, आणि मधले त्या प्रमाणात:

```
स्थान = (मूल्य − किमान) ÷ (कमाल − किमान)
```

या सूत्राचा परिणाम आपल्या तक्त्यावर पाहा. स्क्रीनच्या अक्षाचा तळ ६.१ आणि माथा ६.८. म्हणजे तळापासून माथ्यापर्यंतच्या पूर्ण उंचीत जेमतेम ०.७ इंच, साधारण अकरा टक्क्यांचा फरक. त्याच आलेखातल्या चार्जिंगच्या अक्षावर तीच उंची २५ ते ८० वॉट दाखवते, म्हणजे तिपटीहून जास्त. चित्रात दोन्ही उड्या सारख्याच उंच दिसतात. हातात घेतल्यावर पहिली बेताचीच जाणवेल. दुसरीमुळे मात्र फोन रोज किती वेळ वायरला लटकलेला राहणार हे बदलू शकतं.

म्हणून पहिलं काम म्हणजे प्रत्येक अक्षाची दोन्ही टोकं पाहायची आणि स्वतःला विचारायचं: या पूर्ण उंचीचा मला काही फरक पडतो का? ज्या अक्षाचं उत्तर ‘नाही’ येईल, तिथले चढउतार पुढच्या वाचनात सोडून द्यायचे. मला विचाराल तर सगळ्या पायऱ्यांत हीच सर्वांत महत्त्वाची, आणि लोक हीच सर्वांत आधी गाळतात.

या ताणण्याचा आणखी एक परिणाम नवख्याला गोंधळात टाकतो. फोन क ची बॅटरी ४००० आहे, आपल्या पाचांत सर्वांत लहान, म्हणून त्याची रेघ अगदी तळाला टेकते. आता यादीत ३००० एमएएचचा एखादा जुना लहान फोन घाला. अक्षाचा तळ ३००० वर जातो आणि क ची रेघ तळ सोडून चाळीस टक्के उंचीवर चढते. फोन क मध्ये काहीही बदललेलं नाही, त्याची सोबत बदलली. या आलेखावर फोनचं स्थान हे त्या यादीतल्या इतर फोनांच्या तुलनेतलं स्थान असतं. दोन वेगवेगळ्या याद्यांचे आलेख शेजारी ठेवून उंच्या ताडून पाहू नका.

यावर उपाय आहे. टोकं आपण स्वतः ठरवायची. बॅटरीला ३००० ते ६०००, चार्जिंगला ० ते १०० अशा गोल मर्यादा एकदा बांधून टाकल्या की त्या मर्यादेतला कोणताही फोन आला-गेला तरी रेघा जागच्या हलत नाहीत.

## २. एकच फोन पकडा आणि त्याची रेघ शेवटपर्यंत वाचा

सगळ्या रेघा एकदम वाचायचा प्रयत्न केला की गुंता वाटतो. एकच घ्या. आपण ड घेऊ.

किंमत: माथ्याला, २२०. वजन: पुन्हा माथ्याला, २२८ ग्रॅम. स्क्रीन: माथ्याला, ६.८. इथवर रेघ वरच्या कडेने आडवी चालली आहे. बॅटरीच्या अक्षावर मात्र ती दोन तृतीयांश उंचीवर उतरते, ५००० वर. चार्जिंगला आणखी खाली, ४५ वॉट, मधल्या उंचीच्याही खाली. आणि शेवटी कॅमेऱ्याला एकदम माथ्यावर, २०० मेगापिक्सेल.

आता हे वाक्यात म्हणा: सर्वांत महाग, सर्वांत जड, सर्वांत मोठ्या स्क्रीनचा फोन, बॅटरी ठीक, चार्जिंग मध्यम, कॅमेऱ्याचा आकडा सर्वांत मोठा. ज्या रेघेचं असं वाक्य करता येतं ती रेघ वाचून झाली. लक्षात घ्या, वरच्या कडेने चालणाऱ्या या रेघेचे पहिले दोन मुद्दे बहुतेकांच्या दृष्टीने तोट्याचे आहेत.

दोन अक्षांच्या मधल्या रेघेला स्वतःचं मूल्य नसतं. रेघ वजन आणि स्क्रीनच्या बरोबर मध्ये असताना ती कशाचंही मोजमाप नसते. ती फक्त ‘हा आकडा आणि तो आकडा एकाच फोनचे’ एवढंच जोडून दाखवते. आकडा वाचायची जागा अक्षावरच. रेघ खूप तिरपी दिसली की काहीतरी मोठं घडलंय असं वाटतं, पण तो तिरपेपणा दोन अक्षांच्या टोकांवर आणि त्यांच्यामधल्या अंतरावर अवलंबून असतो. खिडकी रुंद केली तरी तो कमी होतो.

## ३. दिशा तपासा, आणि उलटवलेला अक्ष ओळखा

किंमत आणि वजन कमी असलेलं बरं. बॅटरी आणि चार्जिंग जास्त असलेलं बरं. काही आलेख सगळे आकडे खालून वर वाढत नेतात, तर काही ‘वर म्हणजे चांगलं’ व्हावं म्हणून किंमत-वजनाचे अक्ष उलटे करतात. दोन्ही पद्धती योग्य आहेत, फक्त समोरच्या आलेखात कोणती आहे ते कळायला हवं. ओळखायची खूण सोपी: अक्षाच्या तळाचा आकडा माथ्याच्या आकड्यापेक्षा मोठा असेल तर तो अक्ष उलटवलेला आहे.

स्क्रीनच्या आकाराला तर सर्वांसाठी एक दिशाच नाही. कुणाला ६.१ इंचाचा फोन हवा असतो, कुणाला ६.८ चा. असा अक्ष उलटवून उपयोग नाही. त्यावर ‘मला इथपासून इथपर्यंत चालेल’ असा पट्टाच निवडावा लागतो.

प्रोसेसरच्या नावांचा अक्ष असेल तर आणखी सावध राहा. नावांना उंची नसते. साधन ती नावं वर्णानुक्रमाने किंवा तक्त्यात जशी आली तशी लावतं, आणि वर आलेलं नाव वेगवान असल्याचा भास होतो. अशा अक्षावरचा चढउतार वाचायचा नाही. कोणत्या फोनांत एकच प्रोसेसर आहे एवढंच पाहायचं.

## ४. शेजारच्या दोन अक्षांमधले छेद वाचा

आता सगळ्या रेघा एकत्र पाहायच्या, पण एका वेळी दोन शेजारच्या अक्षांमधली जागाच.

वजन आणि स्क्रीन यांच्यामध्ये पाहा. वजनाचा क्रम हलक्यापासून जडापर्यंत: क, इ, अ, ब, ड. स्क्रीनचा क्रम लहानापासून मोठ्यापर्यंत: क, इ, अ, ब, ड. क्रम तोच, म्हणून या जागेत एकही रेघ दुसरीला छेदत नाही. म्हणजे या पाच फोनांत स्क्रीन जितकी मोठी तितकं वजन जास्त. मोठ्या स्क्रीनला काच जास्त, चौकट मोठी, आत बॅटरीलाही जागा जास्त, त्यामुळे असं होणं स्वाभाविकच आहे.

किंमत आणि वजन यांच्यामधलं चित्र अगदी वेगळं आहे. पाच रेघांच्या एकूण दहा जोड्या होतात. त्यातल्या पाच जोड्या एकमेकींना छेदतात, पाच छेदत नाहीत. अर्धे-अर्धे छेद म्हणजे त्या दोन गोष्टींचा सरळ संबंध दिसत नाही. महाग फोन जड किंवा हलका असेलच, असं या यादीवरून म्हणता येत नाही.

आणि जवळजवळ सगळ्याच जोड्या छेदत असतील तर? मग एक वाढलं की दुसरं घटतं, असा संबंध.

यात एक मोठा सापळा आहे. वजनाचा अक्ष उलटवा, २२८ तळाला आणि १७२ माथ्याला. मघाशी वजन-स्क्रीनमध्ये एकही छेद नव्हता. आता दहाच्या दहा जोड्या छेदतात, मधोमध रेघांचं जाळं होतं. आकडे तेच आणि फोनही तेच. ज्याने मघाचं चित्र पाहिलेलं नाही तो म्हणेल, ‘इथे उलट संबंध आहे.’ खरा अर्थ असा की ‘हलकेपणा’ वाढला की स्क्रीन लहान होते, आणि ती आधीचीच गोष्ट आहे. म्हणून छेद मोजण्याआधी दोन्ही अक्षांची दिशा पाहायची, दर वेळी.

जाताजाता: ही मांडणी नवी नाही. फ्रेंच गणितज्ञ मोरिस डोकान्य यांचं समांतर अक्षांवरचं पुस्तक १८८५ सालचं आहे. पुढे बरोबर शंभर वर्षांनी, १९८५ मध्ये, आल्फ्रेड इन्सेलबर्ग यांनी आपल्या शोधनिबंधात ती अनेक मितींच्या भूमितीसाठी पद्धतशीरपणे मांडली. साध्या आलेखात जो फोन एक बिंदू असतो तो इथे रेघ होतो, आणि एका सरळ रेषेवर असलेले बिंदू इथे एकाच जागी छेदणाऱ्या रेघा होतात (त्या समांतर झाल्या तरच छेद नसतो). छेदांकडे इतकं लक्ष द्यायचं ते याच कारणाने.

## ५. अक्ष ओढून शेजारी आणा

आलेख फक्त शेजारच्या अक्षांचा संबंध दाखवतो. आपल्या क्रमात किंमत पहिली आणि चार्जिंग पाचवं. त्यांच्यामध्ये तीन अक्ष आहेत, त्यामुळे ‘जास्त पैसे दिले तर फोन लवकर चार्ज होतो का’ याचं उत्तर समोर असूनही दिसत नाही. चार्जिंगचं नाव धरून तो अक्ष किमतीच्या शेजारी ओढा.

सर्वांत स्वस्त फोन अ ची रेघ तळालाच राहते, १०० वरून २५ वॉटवर. तिला बाजूला ठेवून उरलेल्या चारांकडे पाहा. ब ची किंमत १३० आणि चार्जिंग ८०. इ चे १५० आणि ६७. क चे १६० आणि २५. ड चे २२० आणि ४५. चार रेघांच्या सहा जोड्यांपैकी पाच एकमेकींना छेदतात. म्हणजे सर्वांत स्वस्त फोन सोडला तर या यादीत जास्त पैशाने चार्जिंगचा वेग मिळत नाही, उलट बहुतेक वेळा कमी होतो. मूळ क्रमात हे कुणाच्याही लक्षात आलं नसतं.

पाच फोनांवरून बाजाराचा नियम काढू नका. हा निष्कर्ष या पाचांपुरता, पण निवडही या पाचांतूनच करायची आहे.

अक्षांचा क्रम ज्याने लावला त्याने काय दिसावं आणि काय लपावं हेही काही प्रमाणात ठरवलेलं असतं, मुद्दाम असो वा नसो. दुसऱ्याने केलेला आलेख असेल तर मी किंमत एकेक करून प्रत्येक अक्षाच्या शेजारी आणून पाहतो. वेळ फारसा लागत नाही.

## ६. एकाच बिंदूत मिळणाऱ्या रेघा

बॅटरीच्या अक्षावर ५००० या बिंदूजवळ या. तिथे दोन रेघा येतात, अ आणि ड. दोन्ही फोनांची बॅटरी सारखीच आहे. त्या बिंदूतून उजवीकडे दोन रेघा निघतात: एक २५ वॉटवर तळाला जाते, दुसरी ४५ वॉटवर. यातली अ ची कोणती?

सगळ्या रेघा एकाच रंगात असतील तर चित्रावरून हे ठरवता येत नाही. डोळा वळण टाळतो आणि जास्त सरळ जाणारी वाट धरतो. डावीकडून ६.८ इंचावरून उतरत आलेली ड ची रेघ तशीच उतरत २५ वॉटला पोचली असं वाटतं, आणि ६.६ वरून जवळजवळ आडवी आलेली अ ची रेघ कमी उताराने ४५ वॉटला गेली असं. तक्ता पाहा: ड चे ४५ आहेत, अ चे २५. म्हणजे नेमकं उलट.

फोनांमध्ये हे फार वेळा होतं, कारण ५००० एमएएच, ५० मेगापिक्सेल, ८ जीबी असे ठरावीक आकडे अनेक फोनांत सारखेच असतात. ओळखायची खूण अशी की अक्षावरच्या एका बिंदूत येणाऱ्या रेघा आणि निघणाऱ्या रेघा एकाहून जास्त असतील तर तिथे ओळख तुटलेली आहे. त्यावर प्रत्येक फोनला वेगळा रंग देणं हा पहिला उपाय. रंग नसतील तर दुसऱ्या एखाद्या अक्षावर, जिथे तो फोन एकटा आहे, त्याच्यापुरता छोटा पट्टा निवडायचा. ड साठी वजनाच्या अक्षावर २२८ च्या भोवती पट्टा निवडा, की फक्त तीच रेघ ठळक राहील आणि ती कुठे जाते ते दिसेल.

## ७. एका फोनने ताणलेला अक्ष

कॅमेऱ्याच्या अक्षावर अ, ब, क तिन्ही ५० वर तळाला. इ ६४ वर, पण चित्रात तोही जवळजवळ तळालाच, दहा टक्के उंचीच्याही खाली. कारण एकट्या ड च्या २०० ने अक्ष वर ओढलेला आहे. असा अक्ष दिसला, म्हणजे एक रेघ माथ्याला आणि बाकी सगळ्या तळाशी गोळा, की तो अक्ष फक्त एका फोनबद्दल बोलतो आहे असं समजा.

तो आकडा तरी किती मोलाचा, हेही इथे विचारायला हवं. २०० मेगापिक्सेलचा सेन्सर नेहमीच्या फोटोत सहसा सोळा पिक्सेल मिळून एक करतो, म्हणजे फोटो १२.५ मेगापिक्सेलचा. ५० चा सेन्सर चार मिळून एक करतो आणि तिथेही १२.५ च येतात. सेन्सरचं आकारमान, लेन्स, प्रक्रिया यांचा फरक उरतोच, पण तो या अक्षावर नाही. माझ्या मते मेगापिक्सेलचा अक्ष फोनांच्या तुलनेतून काढून टाकावा. तो जागा खातो आणि डोळा त्या एका उंच टोकाकडे ओढत राहतो.

चार्जिंगच्या वॉटबद्दलही थोडं जपून. छापलेला आकडा कमाल वेगाचा असतो. तो चार्जिंगच्या काही काळच टिकतो, बॅटरी भरत आली की घटतो, आणि अनेकदा त्याच कंपनीचा चार्जर असेल तरच मिळतो.

## ८. पट्टे निवडून गाळा, आणि पट्ट्याची कड हलवून पाहा

आता लिहून ठेवलेल्या अटी काढा. समजा, वजन २०० ग्रॅमपर्यंत आणि बॅटरी निदान ४७००. वजनाच्या अक्षावर १७२ ते २०० असा पट्टा माऊसने ओढा. ब आणि ड फिके पडतात. मग बॅटरीच्या अक्षावर ४७०० पासून वर पट्टा ओढा. क फिका पडतो. अ आणि इ उरले.

इथे थांबायची घाई करू नका. वजनाच्या पट्ट्याची वरची कड धरून सावकाश वर न्या. २०४ ला ब लगेच परत उजळतो. चार ग्रॅमसाठी आपण या यादीतली सर्वांत मोठी बॅटरी आणि सर्वांत वेगवान चार्जिंग असलेला, शिवाय किमतीने दुसऱ्या क्रमांकाचा स्वस्त फोन गाळला होता. दोनशे हा आकडा गोल म्हणून मनात आला होता. २०४ ग्रॅम हाताला वेगळे लागणार नाहीत. ड ला परत आणायला मात्र कड २२८ पर्यंत न्यावी लागते, आणि तो फरक जाणवणारा आहे.

प्रत्येक पट्ट्याची कड अशी दोन्ही बाजूंना थोडी हलवून पाहा. इ देखील असाच कडेवर आहे: बॅटरीची अट ४७०० ऐवजी ४८०० लिहिली असती तर तो गेला असता. जी निवड इतक्या थोड्या फरकाने बदलते ती आकड्यांवर सोडू नये.

## ९. स्वतः आलेख काढायचा असेल तर

पायथॉन येत असेल तर प्लॉटलीमध्ये हे थोडक्यात होतं. `range` मध्ये मोठा आकडा आधी लिहिला की अक्ष उलटतो.

```python
import plotly.graph_objects as go

go.Figure(go.Parcoords(
    line=dict(color=[1, 2, 3, 4, 5]),
    dimensions=[
        dict(label="वजन", range=[230, 170],
             values=[190, 204, 172, 228, 186]),
        dict(label="बॅटरी", range=[3000, 6000],
             values=[5000, 5500, 4000, 5000, 4700]),
        dict(label="चार्जिंग", range=[0, 100],
             values=[25, 80, 25, 45, 67]),
    ])).show()
```

`pandas.plotting.parallel_coordinates` वापरणार असाल तर लक्षात ठेवा, ते अक्ष वेगवेगळे ताणत नाही. सगळ्या रकान्यांना एकच मोजपट्टी लावतं. मग बॅटरीचे हजारांतले आकडे वर उंच जातात आणि वजन, स्क्रीन, चार्जिंग सगळं तळाशी सपाट दिसतं. असा एकच सुळका असलेला आलेख दिसला तर आकडे आधी वरच्या सूत्राने ० ते १ मध्ये आणून घ्या.

## १०. दोन-तीन उरले की आलेख मिटा

आपल्याकडे आता अ, इ आणि थोड्या सवलतीने ब उरले आहेत. इथून पुढे आलेखाचं काम नाही. तीन रेघांवर अक्ष पुन्हा ताणले की क्षुल्लक फरकही पूर्ण उंचीचे होतात. तक्त्यातल्या तीन ओळी काढून सरळ वजाबाकी करा.

अ वरून ब वर जायला तीस टक्के जास्त किंमत. त्याबदल्यात ५०० एमएएच जास्त, चार्जिंगचे वॉट तिपटीहून जास्त, आणि चौदा ग्रॅम जास्त वजन. अ वरून इ वर जायला पन्नास टक्के जास्त किंमत. त्याबदल्यात चार ग्रॅम कमी, स्क्रीन ०.२ इंच लहान, चार्जिंग ६७ वॉट, पण बॅटरी ३०० एमएएचने कमी. या आकड्यांवर ब च्या तुलनेत इ घ्यायला एकच ठोस कारण उरतं: अठरा ग्रॅम हलका आणि ०.३ इंच लहान, म्हणजे एका हाताने वापरायला सोपा. ते तुम्हाला हवं असेल तर इ घ्या. नसेल तर प्रश्न अ आणि ब यांच्यातला आहे, आणि तो तुम्ही दिवसातून किती वेळा घाईत फोन चार्जिंगला लावता यावर ठरेल.

अपडेट किती वर्षं मिळणार, दुरुस्ती कुठे होणार, हे प्रश्न या सहा अक्षांवर नव्हतेच. पैसे देण्याआधी या उरलेल्या फोनांपुरते ते वेगळे विचारून घ्या.